तावदान एक की दोन?

जुन्या फोटोतलं यंत्र, मग तो टाइपरायटर असो, आकडेमोडीचं यंत्र असो की फोन, ओळखायला बसलं की डोळे आपोआप नावाकडे जातात. पुसट झालेली सोनेरी अक्षरं मोठी करून वाचायची, ती शोधायची आणि जे पहिलं चित्र समोर येईल त्याच्याशी जुळवायचं. मला ही पद्धत आवडत नाही, कारण नावाने यंत्राची जातसुद्धा नक्की कळत नाही. अंडरवूड म्हटलं की टाइपरायटर आठवतो, पण १९२७ नंतर संडस्ट्रँडची बेरजेची यंत्रं याच नावाने विकली गेली. बरोझ हे बेरजेच्या यंत्रांचं सर्वांत मोठं नाव, आणि १९३० च्या दशकात बरोझने टाइपरायटरही काढले. ऑलिवेट्टी तर दोन्हींत तितकीच नावाजलेली. म्हणून नाव सगळ्यांत शेवटी वाचावं. आधी कळा बघाव्यात.

टाइपरायटरच्या कळांच्या ओळी तिरक्या सरकत जातात. वरच्या ओळीतली कळ खालच्या कळेच्या बरोबर डोक्यावर कधीच नसते, थोडी बाजूला असते. प्रत्येक कळेखाली मागे जाणारी एक पट्टी असते आणि त्या पट्ट्यांना एकमेकींच्या शेजारून वाट काढायची असते, म्हणून ही रचना. बेरजेच्या जुन्या यंत्रात उलट आहे. तिथे कळांचे सरळ उभे स्तंभ असतात, प्रत्येक स्तंभात खाली १ आणि वर ९, आणि शून्याची कळ नसतेच. एकक, दशक, शतक असा एकेक स्तंभ. ज्या स्थानी शून्य हवं तो स्तंभ दाबायचाच नाही. फोटो कितीही धूसर असो, अक्षरं वाचता येत नसोत, कळांची जाळी सरळ आहे की तिरकी हे लांबूनही दिसतं. या एका खुणेवर निम्म्याहून जास्त गोंधळ मिटतात.

गोंधळ होतो याचं आश्चर्य नाही. बरोझच्या सुरुवातीच्या यंत्रांना बाजूने जाड काचा होत्या, आत चालणारी यंत्रणा दिसावी म्हणून. मागे कागदाचा रोल, वर कागद धरून सरकणारी गाडी, काळं चकचकीत अंग. अशा यंत्राचा बाजूने घेतलेला फोटो आला की लोक त्याला हमखास टाइपरायटर म्हणतात. पण उजव्या बाजूला एक लांब दांडी दिसते, ती टाइपरायटरला नसते. बेरजेच्या यंत्रात आकडे आधी कळांवर मांडायचे आणि मग दांडी ओढायची. दांडी ओढली की आकडे कागदावर छापले जातात आणि बेरजेत मिळतात. टाइपरायटरची दांडी म्हणजे कागद पुढच्या ओळीवर नेणारा छोटा खटका, आणि तो यंत्राच्या अंगाला नाही, सरकणाऱ्या गाडीच्या टोकाला असतो. दांडी कुठे जोडलेली आहे एवढं बघितलं तरी पुरे.

दांडीची आणखी एक जात आहे, ती म्हणजे फिरवायची. स्वीडनचे ओड्नर रशियात सेंट पीटर्सबर्गला काम करत असताना त्यांनी ज्या रचनेची यंत्रं बनवायला घेतली, तिला पुढे जगभर भावंडं झाली. जर्मनीत ब्रुन्सव्हिगा, सोव्हिएत देशात फेलिक्स. गोल पाठीचा डबा, पाठीवर समांतर खाचा, प्रत्येक खाचेत एक छोटा खुंटा, उजवीकडे मुठीची दांडी आणि समोर खाली आकड्यांच्या खिडक्यांची एक सरकती पट्टी. खाचेतला खुंटा ७ वर नेला की आतल्या चाकाचे सात दात बाहेर येतात, आणि दांडीची एक फेरी झाली की ते सात दात उत्तराच्या चाकाला सात घरं पुढे ढकलतात. गुणाकार म्हणजे पट्टी एकेक घर सरकवत तेवढ्या फेऱ्या. या यंत्राला कळाच नाहीत, त्यामुळे टाइपरायटरशी घोटाळा होत नाही. तरी फोटोत ते एकटं दिसलं तर ते आकडेमोडीचं यंत्र आहे हे न कळणारे बरेच भेटतात. त्याहून फसवा आहे कुर्टा, मुठीत मावणारा, मिरे दळायच्या चक्कीसारखा दिसणारा, वर फिरकी असलेला. लिखटेनस्टाईनमध्ये १९४८ पासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो बनत होता. फोटोत कुर्टा आहे एवढं ओळखलं की फोटो १९४८ च्या आधीचा नाही, हे त्याच क्षणी ठरतं.

फोनची गोष्ट वरवर सोपी वाटते. तबकडी दिसली की फोन, एवढं कोणालाही कळतं. अडचण तबकडी नसलेल्या फोनची आहे. बाजूला फिरवायची दांडी असलेला फोन हाताने वीज निर्माण करून टेलिफोन केंद्रातली घंटी वाजवतो. ती दांडी आकड्यांशी काही देणंघेणं नसलेली. आणि तबकडीच्या जागी नुसती कोरी चकती असलेला फोन म्हणजे तबकडीच्या आधीचा, असा निष्कर्ष लोक चटकन काढतात. तो चुकीचा आहे. स्वयंचलित केंद्रं एका दिवसात सगळीकडे आली नाहीत. अनेक ठिकाणी माणूसच जोडणी करून देत राहिला आणि तिथे नव्या घडणीचे फोन तबकडीशिवाय बसवले गेले. नसलेल्या भागावरून वय सांगायचं नाही, हा नियम मी इथे शिकले आणि पुढे तो सगळीकडे उपयोगी पडला.

कारण वय ठरवण्याचं काम मुळात असलेल्या भागांवर चालतं. यंत्रात किंवा फोटोत जितके ओळखता येणारे भाग आहेत, त्या प्रत्येकाचा एक जन्म आहे. तो भाग अमुक साली पहिल्यांदा बाजारात आला. त्यातला जो सगळ्यांत नवा, त्याच्या जन्माच्या आधी तो फोटो निघणं शक्य नाही. बाकीचे कितीही जुने असोत, त्यांनी काही फरक पडत नाही. जुन्या वस्तू नव्या काळात राहतातच; नवी वस्तू जुन्या काळात जाऊ शकत नाही. ऐकायला हे अगदी उघड आहे. तरीही फोटो समोर आला की लोक नेमकं उलट करतात, सगळ्यांत जुनं दिसणारं यंत्र बघतात आणि त्याच्या सालावर बोट ठेवतात.

एका परिचितांनी पाठवलेला फोटो या बाबतीत मला फार चांगला वाटतो, कारण त्यात तिन्ही यंत्रं एका टेबलावर आहेत. कृष्णधवल, एका अमेरिकन कचेरीतला. मागे पेन्सिलने ‘१९३० च्या सुमारास’ असं कोणीतरी नंतर लिहिलेलं. टेबलाच्या डाव्या अंगाला टाइपरायटर, मध्ये फोन, उजव्या कोपऱ्यात कळांचे स्तंभ असलेलं बसकं यंत्र. नाव एकाचंही वाचता येत नाही.

टाइपरायटरपासून सुरुवात केली. कळांच्या चार तिरक्या ओळी, उंच चौकोनी अंग, आणि बाजूला काच. उभ्या अंगाला बाजूची काच असलेले टाइपरायटर आठवायला गेलं तर पहिलं नाव येतं रॉयल १०. हे यंत्र १९१४ साली आलं. त्याच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक बाजूला दोन वेगळी तावदानं असायची, मध्ये धातूची पट्टी. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या जागी एकच मोठं तावदान आलं. फोटोतल्या यंत्राला एकच तावदान आहे. म्हणजे टाइपरायटर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या आधीचा नाही. कळांच्या टोप्या गोल, चकाकणारी कडा असलेल्या. म्हणजे कागदी चकतीवर छापलेलं अक्षर, वर पारदर्शक झाकण आणि भोवती धातूचं कडं. ही पद्धत मोठ्या यंत्रांत साधारण दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली, आणि युद्धानंतरच्या काही वर्षांत ओतीव प्लास्टिकच्या कळांनी तिची जागा घेतली. इथवर पेन्सिलीतलं १९३० अगदी जुळतं.

उजव्या कोपऱ्यातलं यंत्र पाहिलं. सरळ स्तंभ, ओढायची लांब दांडी नाही, कागदाचा रोल नाही, पुढच्या कडेला खाली उत्तराच्या खिडक्यांची एक ओळ. ओढायची दांडीच नाही याचा अर्थ कळ दाबल्याबरोबर बेरीज होते. कळ दाबण्याच्या जोरावरच चाक फिरतं. हा कॉम्प्टोमीटर. अमेरिकेत डॉर फेल्ट यांनी १८८० च्या दशकात काढलेला. फोटो मोठा केल्यावर कळांवर एक मोठा आणि एक लहान असे दोन-दोन आकडे असल्याचंही जाणवतं. दोन्हींची बेरीज नेहमी नऊ येते: मोठा ७ असेल तर लहान २. या यंत्राला उलटं फिरता येत नाही, म्हणून वजाबाकी करायची तर पूरक आकड्याची बेरीज करावी लागते, आणि तो पूरक आकडा कळेवरच छापून ठेवलेला. ही खूण दिसली की कॉम्प्टोमीटरबद्दल शंकेला फारशी जागा राहत नाही. वय मात्र यातून थोडंच कळतं. सुरुवातीचे कॉम्प्टोमीटर लाकडी पेटीत असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत ते धातूच्या आवरणात आले. फोटोतलं आवरण धातूचं आहे. त्यानंतर ही यंत्रं अनेक दशकं जवळपास त्याच अंगलटीची राहिली. म्हणजे या कोपऱ्याकडून मिळालेली खालची मर्यादा टाइपरायटरच्या मर्यादेपेक्षा जुनी, आणि म्हणून आपल्या कामाची नाही.

राहिला फोन, आणि निकाल त्यानेच दिला. खाली रुंद होत गेलेलं अंग, चार पायांवर उभं, वर रिसीव्हर आडवा ठेवायला दोन्ही बाजूंना उंचावलेले कान, समोर उतारावर तबकडी. आकडे तबकडीच्या भोकांतून दिसतात. हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३०२. तो १९३७ साली आला.

तो ३०२ च कशावरून, याचं कारण अंगाच्या आकारात आहे, आणि फोनच्या वयाचं हे सर्वांत भरवशाचं चिन्ह मला वाटतं. त्याच्या आधीच्या टेबलावरच्या फोनचा पाया लहान असतो. उभा खांब आणि त्यावर बोलण्याचं तोंड असो, किंवा गोल वा लंबगोल बैठकीवर ठेवलेला रिसीव्हर असो. लहान, कारण त्यात घंटी नाही. घंटी आणि तिच्याबरोबरचे बाकी भाग एका वेगळ्या पेटीत, भिंतीवर किंवा टेबलाच्या बाजूला ठोकलेले असायचे. ३०२ मध्ये घंटी फोनच्या पोटात गेली, आणि पोटात काही ठेवायचं म्हटलं की अंग फुगणारच. म्हणून अमेरिकन फोटोत आधी फोनचं पोट पाहावं. पोट नसेल तर जवळपास कुठेतरी घंटीची पेटी शोधावी. ती सापडली की ओळख पक्की होते.

तर १९३७ च्या आधी हा फोटो निघालेला नाही. पेन्सिलीने लिहिणाऱ्याने टाइपरायटरकडे पाहून अंदाज केला असावा आणि टाइपरायटरपुरता तो बरोबरही होता. पण टेबलावर तीन यंत्रं आहेत, आणि तारीख ठरवण्याचा हक्क त्यांतल्या सगळ्यांत नव्या यंत्राचा.

वरची मर्यादा मात्र इतक्या सहज मिळत नाही. रिसीव्हरची दोरी सरळ आहे, कापडी विणीची दिसते. गुंडाळीची रबरी दोरी नंतर आली. रिसीव्हर आणि त्याची दोरी हा फोनचा सगळ्यांत जास्त बदलला जाणारा भाग. जुन्या फोनला नवी दोरी लावलेली पुष्कळदा दिसते, नव्या फोनला जुनी दोरी क्वचित. त्यामुळे जुनी दोरी तशीच असणं म्हणजे फोन बसवून फार काळ झाला नसावा, असं म्हणायला थोडा आधार मिळतो. थोडाच. रॉयलनेही १९३० च्या दशकात मोठ्या यंत्रांचे नवे नमुने काढले होते आणि दशकाच्या अखेरीस रॉयल १० जुना झाला होता. पण चालू यंत्र कचेरी फेकत नाही, दहा-पंधरा वर्षं सहज वापरते. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा पुढचा नमुना ५०० हा १९४९-५० च्या सुमाराचा. तो फोटोत नाही, पण त्याच्या नसण्यावरून मी काही सांगणार नाही, कारण ५०० आल्यावरही ३०२ वर्षानुवर्षं टेबलांवर राहिले. त्या परिचितांना मी असं लिहिलं: १९३७ च्या आधीचा नाही, हे नक्की, १९५० च्या आधीचा, हे बरंच संभाव्य, १९४० च्या आसपासचा, हा माझा अंदाज. तीन वाक्यांत तीन वेगळ्या वजनाच्या गोष्टी आहेत आणि त्या एका सालात दाबून सांगू नयेत असं मला मनापासून वाटतं. ‘साधारण १९४०’ एवढंच सांगितलं असतं तर त्यातलं नक्की काय आणि अंदाज काय, हे वाचणाऱ्याला कधीच कळलं नसतं.

५०० चा विषय निघालाच आहे तर त्याची खूण सांगते, कारण ती शोधताना मला नेहमी आनंद होतो. ३०२ पर्यंत आकडे भोकांच्या खाली होते. तबकडी फिरायला लागली की बोट आणि चकती त्यांच्यावरून जायची आणि आकडे झाकले जायचे. ५०० मध्ये आकडे आणि अक्षरं भोकांच्या बाहेर, तबकडीभोवतीच्या रुंद कड्यावर नेली. वाचायला हे सोपं झालं, पण नंबर फिरवायला लोकांना उलट जास्त वेळ लागू लागला. भोकात आता काहीच दिसत नव्हतं आणि बोटाला नेम धरायला जागा उरली नव्हती. बेल प्रयोगशाळेतले मानसशास्त्रज्ञ जॉन कार्लिन यांनी प्रत्येक भोकाच्या मध्यावर एक पांढरा ठिपका द्यायला सुचवलं आणि वेग परत आला. फोटोत आकडे तबकडीच्या बाहेर आणि भोकांत ठिपके दिसले, की अमेरिकन फोन असेल तर आपण १९४९ च्या या बाजूला आहोत. तबकडी धातूची आहे की पारदर्शक प्लास्टिकची हेही पाहावं. धातूची आधीची, पारदर्शक नंतरची, आणि रंगीत फोन १९५० च्या दशकात मग आले.

देश ओळखायलाही तबकडीच उपयोगी पडते, आणि देश चुकला तर वय चुकलंच. अमेरिकन तबकडीवर अक्षरांपैकी ओ हे ६ च्या बरोबर असतं. ब्रिटिश तबकडीवर ते शून्याजवळ. रशियन तबकडीवर प्रत्येक आकड्याला एकच अक्षर. स्वीडनच्या तबकडीवर आकडे शून्यापासून सुरू होतात, आणि न्यूझीलंडच्या तबकडीवर १ ते ९ चा क्रमच उलटा आहे. ब्रिटनमध्ये १९६६ पासून नंबर फक्त आकड्यांचे व्हायला लागले आणि नंतरच्या तबकड्यांवरून अक्षरं गेली. तोंड आणि कान एकाच रिसीव्हरमध्ये असणं ही गोष्ट तर देशाप्रमाणे फारच बदलते. युरोपात एरिक्सनचे असे फोन १८९० च्या दशकात होते. अमेरिकेच्या बेल कंपनीने असा टेबलावरचा फोन १९२७ साली दिला. एकाच दिसण्याला दोन देशांत तीसेक वर्षांचं अंतर. वर सांगितलेली घंटीच्या पेटीची खूणही मी अमेरिकेपुरतीच वापरते.

आता एक अशी अडचण, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. जुने फोटो पुष्कळदा उलटे छापलेले असतात, डावं उजवीकडे. काचेची निगेटिव्ह उलट बाजूने ठेवली की तसं होतं. मग कळांवरची अक्षरं वाचता येत नाहीत आणि आपल्याला वाटतं फोटो धूसर आहे. तबकडीचा फोन असेल तर हे तपासणं अगदी सोपं आहे. बोट थांबवणारी छोटी पट्टी तबकडीच्या खाली उजव्या बाजूला असते. ती डावीकडे दिसली तर फोटो उलटा. आकडेमोडीच्या यंत्राची फिरवायची दांडी उजवीकडे असते. ती डावीकडे दिसली तर तोच संशय घ्यावा. टाइपरायटरच्या ओळ बदलणाऱ्या खटक्यावर मात्र मी विसंबत नाही. पुढच्या काळात तो बहुतेक डावीकडे असला तरी जुन्या काही यंत्रांत उजवीकडे असायचा. फोटो आधी सरळ करावा आणि मगच बाकीचं पाहावं, नाहीतर अस्तित्वातच नसलेला नमुना शोधत माणूस तासन्तास घालवतो.

टाइपरायटरच्या बाबतीत एक मोठी पायरी मी अजून सांगितली नाही. सुरुवातीच्या यंत्रांत अक्षरदांड्या रोलरच्या खाली गोलाकार टांगलेल्या असत आणि खालून वर मारत. लिहिलेलं लगेच दिसत नसे. पाहायचं तर गाडी उचलावी लागे. रेमिंग्टनच्या १८७० च्या दशकातल्या यंत्रांपासून हीच पद्धत होती. अंडरवूडने १८९० च्या दशकात अक्षरदांड्या समोरून मारणारं यंत्र आणलं, आणि त्याचा ५ क्रमांकाचा नमुना १९०० पासून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इतका चालला की पुढचे जवळपास सगळे टाइपरायटर त्याच्यासारखे दिसू लागले. फोटोत हे कसं ओळखावं? कळांच्या मागे, रोलरच्या समोर अक्षरदांड्यांची पंख्यासारखी उघडी टोपली दिसली तर समोरून मारणारं. कळांच्या मागे उंच बंद अंग आणि रोलर वर झाकणासारखा बसलेला दिसला तर खालून मारणारं, आणि मग बहुतेक वेळा पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. स्वतः रेमिंग्टनने १९०८ साली दहा क्रमांकाच्या यंत्राने समोरच्या बाजूला उडी घेतली. दुसऱ्या टोकाला १९६१ चा आय.बी.एम. सिलेक्ट्रिक. त्यात गाडी सरकतच नाही, अक्षरांचा गोळा सरकतो. म्हणून यंत्राच्या दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारा रोलर नाही. फोटोत हा सपाट आकार दिसला की जुन्या काळाचा विचार सोडून द्यावा.

या दोन टोकांच्या मधल्या साठेक वर्षांत मात्र घाई करू नये. कळांच्या तीनच ओळी दिसल्या म्हणून यंत्र अतिजुनं ठरत नाही. घडी घालता येणारा कोरोना ३ हा १९१२ साली आला आणि १९४१ पर्यंत बनत राहिला, तीनच ओळींचा. ओड्नर जातीच्या यंत्रात खिडक्या शून्यावर आणायला पट्टीच्या टोकाला फुलपाखरासारखे दोन पंख असलेला खिळा असतो आणि तो दिसला की लोक शतकाच्या सुरुवातीचं साल सांगून मोकळे होतात. पश्चिमेकडच्या कारखान्यांनी हळूहळू त्या जागी खटके आणले हे खरं, पण सोव्हिएत फेलिक्सने तो पंखांचा खिळा १९७० च्या दशकापर्यंत ठेवला. बाकी आकार तोच. अशा यंत्राच्या काळ्याकरड्या फोटोवरून पन्नास वर्षांच्या आत साल सांगणं मला जमत नाही आणि कोणी सांगितलं तर मी त्यांना आधार विचारते. तिथे नावाची पट्टी, नावाची लिपी आणि रंग यांच्याकडे वळावंच लागतं. वर मी नाव शेवटी वाचा म्हटलं ते यासाठी; जात आणि रचना ठरल्यावर नाव फार कामाचं असतं. विशेषतः जोडनाव. स्मिथ-कोरोना असं जोडून लिहिलेलं असेल तर १९२६ च्या आधीचं नाही. रेमिंग्टन रँड असेल तर १९२७ च्या आधीचं नाही. अंडरवूड आणि ऑलिवेट्टी एकत्र दिसले तर १९५९ नंतरचं. नुसतं रेमिंग्टन असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. जोडणी झाल्यावरही एकेरी नाव लावत राहिलेच.

दुरुस्त करून नव्याने विकलेल्या यंत्रांचं काय करायचं? काळा चकचकीत रंग साधारण १९३० पर्यंतचा, खरबरीत सुरकुत्यांचा रंग १९३० आणि ४० च्या दशकांतला, करडे-हिरवे-निळे रंग त्यानंतरचे, असा ठोकताळा आहे. पण जुनी यंत्रं उघडून, स्वच्छ करून, खरबरीत रंग देऊन पुन्हा विकण्याचा मोठा धंदा होता. १९१५ चं यंत्र १९४० च्या रंगात दिसतं ते त्यामुळे. काही देशांत तर फोन भाड्याचेच असत आणि कंपनीकडे परत जात. तिथे ते सुटे केले जात आणि चांगले भाग जोडून नवा फोन बाहेर पडे, अंग एका सालाचं, रिसीव्हर दुसऱ्या सालाचा. यातही नियम तोच. फोटो कधीचा हे विचाराल तर सगळ्यांत नवा भाग बोलेल. यंत्र मुळात कधीचं हे विचाराल तर रंगासारखे बदलता येणारे भाग बाजूला ठेवून सांगाड्याकडे पाहावं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि विचारणाऱ्याला यातला कोणता हवा आहे, हे मी आधी विचारून घेते.

सजावटीचे नवे ‘जुने’ फोन हा वेगळा त्रास. पितळ आणि लाकूड यांचा खूप चकचकाट, आणि तबकडीच्या जागी गोलात बसवलेली बटणं. फोटो लहान असेल तर बटणं भोकांसारखीच दिसतात. बोट थांबवणारी पट्टी शोधा. बटणांच्या फोनला तिची गरज नसते, आणि सजावटीसाठी ती लावली असेल तरी तबकडी आणि तिच्याखालची चकती यांच्यामधली पोकळी आणि सावली तिथे दिसत नाही. अमेरिकेत बटणांचा फोन १९६३ पासून मिळू लागला आणि बटणं चौकोनी जाळीत होती, १-२-३ वरच्या ओळीत. बेरजेच्या यंत्रांत दहा कळांची जाळी संडस्ट्रँडने १९१४ पासून चालवली होती, पण तिच्यात ७-८-९ वर.

यंत्र अजून कोणाच्या ताब्यात असेल तर फोटोवर डोळे शिणवण्यापेक्षा मी आणखी फोटो मागवते. टाइपरायटरची गाडी एका टोकाला सरकवून उघड्या पडलेल्या सांगाड्याचा एक. बहुतेक यंत्रांचा अनुक्रमांक त्या भागात कुठेतरी ठोकलेला असतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या अनुक्रमांकांच्या सालवार याद्या आहेत. बाजूचा एक, काच असेल तर काचेसकट. फोन पालथा करून तळाचा एक. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या फोनमध्ये महिना आणि साल अंकांत छापलेले असतात, ११-५६ असे, आणि ते तळावर, तबकडीच्या मागे, रिसीव्हरच्या आत अशा वेगवेगळ्या जागी मिळतात. सगळ्या जागी एकाच सुमाराची तारीख आली तर फोन मूळचा. वेगवेगळ्या आल्या तर जोडलेला. आकडेमोडीच्या यंत्राचा फोटो समोरून नको, थोडा वरून हवा, म्हणजे खाचा किंवा कळा आणि उत्तराच्या खिडक्या दोन्ही मोजता येतात. प्रकाश बाजूने पडू द्यावा. समोरून फ्लॅश मारला की ठोकलेले आकडे सपाट होऊन नाहीसे होतात.

आणि यंत्र पुसू नका, असं मी मुद्दाम सांगते. सोनेरी नाव आणि पेटंटच्या तारखांची ओळ रंगावर अगदी पातळ चिकटवलेली असते, ती ओल्या फडक्याबरोबर निघून येते. त्या ओळीतली सगळ्यांत शेवटची पेटंट तारीख म्हणजे यंत्राच्या वयाची आणखी एक खालची मर्यादा.